केसांची कड आणि चष्म्याची काडी

पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेल्या फोटोतली चूक शोधायची असेल तर चेहऱ्याकडे पाहून उपयोग नाही. चेहरा बहुधा ठीकच असतो. पाहायचे ते कानापासून खांद्यापर्यंतच्या कडेकडे, अंबाड्याच्या खाली मानेशी पडलेल्या फटीकडे आणि चष्म्याची काडी गालापासून सुटून कानाकडे जाते त्या जागेकडे. मागचे झाड छान धूसर झालेले असते; पण केसांच्या भोवती बोटभर पट्ट्यात त्याच झाडाची पाने अजून रेखीव दिसत असतात, जणू डोक्याभोवती कोणी प्रभावळ लावली आहे. कधी याच्या उलट होते. वाऱ्यावर सुटलेल्या बटा मागच्या धूसरपणात विरघळून जातात आणि उरलेले केस टोप घातल्यासारखे गुळगुळीत दिसतात. चष्म्याची काडी अर्ध्यावरच नाहीशी झालेली असते.

मोठ्या कॅमेऱ्यात असे होत नाही, कारण तिथे धूसरपणा फोटो तयार होतानाच भिंगातून येतो. 50 मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र f/1.8 वर सुमारे 28 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे छिद्र ढोबळमानाने मुगाच्या दाण्याएवढे. छिद्र जितके लहान, तितके जवळचे आणि लांबचे दोन्ही एकदम स्पष्ट दिसते. त्यामुळे फोनला आधी सगळेच रेखीव असलेले चित्र मिळते. त्यातून माणूस कात्रीने कापावा तसा वेगळा काढायचा, मागचा भाग पुसट करायचा आणि दोन्ही पुन्हा जोडायचे, असा हा सगळा उद्योग आहे. कात्री नीट चालली नाही की कड बिघडते.

कुठे कापायचे हे फोन दोन वाटांनी ठरवतो. पहिली वाट दोन डोळ्यांची. हात लांब करून अंगठा धरावा आणि एकेक डोळा मिटून पाहावे. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. शेजारी शेजारी बसवलेल्या दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतला हाच फरक मोजून फोन अंतरांचा नकाशा काढतो. 2016 मध्ये आयफोन 7 प्लसने पोर्ट्रेट मोड आणला तो या वाटेने. दुसरी वाट ओळखीची: असंख्य फोटो दाखवून शिकवलेला प्रोग्रॅम चित्रात माणूस कुठवर आहे ते ओळखतो. 2017 च्या पिक्सेल 2 मध्ये मागचा कॅमेरा एकच होता. भिंगाच्या दोन अर्ध्या भागांतून दिसणारी दृश्ये तो वापरत असे, पण त्यांच्यातले अंतर जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून ओळखीवर बराच भार टाकावा लागला. गुगलने हा प्रोग्रॅम माणसांच्या जवळजवळ दहा लाख फोटोंवर शिकवल्याचे सांगितले होते, आणि त्या माणसांबरोबर त्यांच्या टोप्या, गॉगल आणि हातातले आइस्क्रीमचे कोनही शिकवावे लागले होते. नाहीतर कोनाचा अर्धा भाग पार्श्वभूमीत जमा झाला असता. आजचे बहुतेक फोन या दोन्ही वाटा एकत्र वापरतात.

एका केसाची जाडी

डोक्यावरचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो. समजा एखादी व्यक्ती दीड मीटरवर उभी आहे आणि 2x वर, फोन उभा धरून 12 मेगापिक्सेलचा फोटो काढला आहे. वरपासून खालपर्यंत सुमारे एक मीटर उंचीचे दृश्य 4000 पिक्सेलांत मावते. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला 0.26 मिलिमीटर येतात. एकटा सुटलेला केस पिक्सेलचा जेमतेम चौथा हिस्सा व्यापतो. उरलेले तीन हिस्से मागच्या भिंतीचे. 1x वर तेच अंतर ठेवले तर केसाचा वाटा सातव्या हिश्शावर येतो.

अशा पिक्सेलला माणसाचा म्हणावे की भिंतीचा? दोन्ही उत्तरे चूक आहेत. योग्य उत्तर आहे ‘पाव केस, पाऊण भिंत’. पण ते काढायला केसाचा खरा रंग हवा, भिंतीचा खरा रंग हवा आणि दोघांचे प्रमाण हवे. हातात मात्र असतो तो मिसळून झालेला एकच रंग. दुधात पाणी किती हे नुसते पाहून सांगण्यासारखा हा प्रकार आहे. संगणकचित्रांच्या क्षेत्रात हा पेच जुनाच. आल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी 1996 मध्ये दाखवून दिले, की एकाच पार्श्वभूमीवरच्या फोटोतून सर्वसाधारणपणे याचे एकमेव उत्तर निघूच शकत नाही. तीच वस्तू दोन वेगवेगळ्या, माहीत असलेल्या रंगांपुढे टिपली तर निघते. चित्रपटवाले हिरवा पडदा लावतात तो याच अडचणीवर उपाय म्हणून. फोनला पडदा मिळत नाही, त्यामुळे तो अंदाज करतो.

अंदाज करायचे साधनही भरड असते. आयफोनच्या 12 मेगापिक्सेल फोटोसोबत साठवला जाणारा अंतरांचा नकाशा अनेक मॉडेलांत 768 गुणिले 576 एवढाच आढळतो. वरच्या उदाहरणात त्याच्या एका घराची रुंदी 1.3 मिलिमीटरच्या आसपास भरते. तेवढ्यात वीसेक केस शेजारी शेजारी मावतील. एकट्या बटेची दखल त्या नकाशात घेतली जाणे अवघडच. हे ओळखून अ‍ॅपलने 2018 मध्ये माणसाच्या आकृतीचा वेगळा, मूळ फोटोच्या निम्म्या रुंदी-उंचीचा मुखवटा जोडला आणि 2019 मध्ये केसांसाठी स्वतंत्र मुखवटा दिला. सुधारणा स्पष्ट दिसते. तरी 0.07 मिलिमीटरचा हिशेब बदललेला नाही.

दोन कॅमेऱ्यांच्या वाटेवर आणखी एक खड्डा आहे, आणि तो नेमका केसांच्याच जागी पडतो. डोक्याच्या कडेला लागून मागच्या भिंतीचा एक पट्टा असा असतो, की तो एका कॅमेऱ्याला दिसतो आणि दुसऱ्याला डोक्याआड जातो. तुलनेला जोडीदारच नाही म्हटल्यावर त्या पट्ट्याचे अंतर मोजता येत नाही. शेजारच्या भागावरून ते भरून काढावे लागते. कॅमेऱ्यांत एक सेंटिमीटर अंतर असेल, माणूस एक मीटरवर आणि भिंत तीन मीटरवर असेल, तर हा आंधळा पट्टा डोक्यालगत सुमारे सात मिलिमीटर रुंद भरतो. सुटे, कुरळे, भुरभुरणारे केस याच सात मिलिमीटरांत असतात. प्रभावळ दिसते ती बहुतेकदा इथेच, आणि कित्येकदा एकाच बाजूला. कारण पट्टा कॅमेऱ्यांच्या जोडरेषेत पडतो. फोन आडवा धरून दुसरा फोटो घेतला की चूक जागा बदलते, कधी कधी केसांवरून उतरून खांद्यावर जाते. खांद्याची कड साधी असल्याने तिथे ती खपून जाते.

बिघाड ओळखायला एक सोपी खूण आहे. मागे दाराची चौकट, पडद्याची दांडी किंवा गजांची रेघ असेल तर ती बोटाने डोक्याकडे मागोवत यावे. खऱ्या भिंगाच्या फोटोत ती रेघ केसांना टेकेपर्यंत सारखीच धूसर राहते. फोनच्या बिघडलेल्या फोटोत केसांजवळ आली की ती अचानक टोकदार होते.

चष्मा

केस बारीक म्हणून त्रास देतात. चष्मा पारदर्शक म्हणून. काचेच्या जागी दोन गोष्टी असतात, काच स्वतः आणि काचेतून दिसणारे दृश्य, आणि नकाशात एका जागेला अंतर एकच देता येते. समोरून पाहिले तर काचेमागे डोळा आणि गालच असतो, दोघांचे अंतर जवळजवळ सारखे, त्यामुळे फारसे बिघडत नाही. मान वळली की पलीकडची काच गालाच्या कडेबाहेर डोकावते आणि तिच्यातून मागची भिंत दिसू लागते. फोनने काच माणसात धरली तर त्या काचेपुरती भिंत स्पष्ट राहते. भिंतीत धरली तर फ्रेमची कडा वितळते.

मायनस नंबर जास्त असेल तर समोरून पाहतानाही ही अडचण येते. असा चष्मा मागचे सगळे लहान करून दाखवतो, म्हणून काचेतून दिसणारी गालाची कड बाहेरच्या कडेपेक्षा आत सरकलेली असते. त्या पायरीत, चेहऱ्याच्या ऐन आत, पार्श्वभूमीचा एक छोटा तुकडा दिसतो. चेहऱ्याच्या मधोमध पार्श्वभूमी असेल अशी अपेक्षा प्रोग्रॅमला नसते. बाकीची भिंत धूसर आणि चष्म्याच्या कोपऱ्यात तेवढी रेखीव, असा फोटो मग हाती येतो. मायनस पाचच्या पुढचे चष्मे वापरणाऱ्यांना हा कोपरा आपल्या फोटोंत हमखास सापडेल.

तिसरा घोटाळा प्रतिबिंबाचा. काचेत चमकणारी खिडकी काचेच्या पृष्ठभागावर नसते. सपाट आरशाप्रमाणे ती समोर जितकी दूर, तितकीच मागे असल्यासारखी दिसते. दोन कॅमेऱ्यांनी मोजले तर तिचे अंतर डोळ्याचे येत नाही, डोक्याच्या बरेच मागचे येते. परिणामी काचेचा तेवढाच भाग ‘लांबचा’ ठरून डोळ्यावर धूसर डाग उमटू शकतो. काच जितकी गोल, तितके हे अंतर कमी होते आणि घोटाळाही सौम्य होतो.

राहिली काडी. ती तीन-चार मिलिमीटर जाड, कधी चकचकीत धातूची, आणि गालापासून सुटून केसांत शिरणारी. तिच्या आणि गालाच्या मधल्या फटीत पार्श्वभूमी दिसते. फ्रेम काळी, जाड आणि मंद चमकीची असेल तर फोनला ती सापडते. बिनकाठाच्या चष्म्यात काचेला कडच दिसत नाही, आणि सोनेरी तारेच्या काडीवरची चमक प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळ्या ठिकाणी दिसते. हे दोन प्रकार सगळ्यांत वाईट.

चूक लपते कुठे

या सगळ्यातून एक गोष्ट निघते, आणि ती सेटिंगमध्ये शोधून सापडत नाही. कापण्याची चूक दिसते ती मागे काही रेखीव असेल तरच. सपाट, एकरंगी भिंत धूसर केली तरी ती तशीच राहते. मग कात्री केसांच्या आत फिरली की बाहेर, हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून संपूर्ण पार्श्वभूमी साधी मिळाली नाही तरी डोक्याच्या आणि चष्म्याच्या कडेमागे येणारा हातभर भाग साधा असला की पुरते. फुललेली बोगनवेल फोटोत हवीच असेल तर ती खांद्याच्या बाजूला यावी, केसांच्या मागे येऊ नये. त्यासाठी फोटो काढणारा दोन पावले सरकला की भागते.

साधी म्हणजे कोणत्याही रंगाची नव्हे. काळे केस आणि मागे अंधारी खोली असेल तर कडच सापडत नाही. मागे लख्ख आकाश असेल तर उजेड बारीक केसांवर पसरून त्यांना खाऊन टाकतो. त्यात आकाश पुसट करताना तो उजेड केसांच्या कडेवर सांडतो आणि पांढरट किनार उमटते. काळ्या केसांना फिकट, पण चकाकत नसलेली भिंत सर्वांत मानवते: क्रीम, फिकट निळी, उन्हात नसलेली. पिकलेल्या केसांना उलट, मध्यम गडद. सगळ्यांत अवघड पार्श्वभूमी म्हणजे पानांतून आकाशाचे कवडसे दिसणारे झाड. दुर्दैवाने फोटोसाठी लोक तेच निवडतात.

एक फोटो, दोन वेळा

लग्नाच्या बायोडेटासाठी घरीच काढलेल्या एका फोटोचे उदाहरण घेऊ. मुलीचे केस कुरळे आणि मोकळे, चष्मा पातळ धातूच्या फ्रेमचा, नंबर मायनस पाच. पहिला फोटो दुपारी चारला गॅलरीत काढला. पाठीमागे दोन फुटांवर लोखंडी ग्रील, तिच्यापलीकडे गुलमोहर आणि आकाश. फोन 1x वर, हातभर अंतरावर. मान बरीच वळलेली. निकाल असा, की ग्रीलचे गज डोक्यापासून बोटभर अंतरापर्यंत धूसर आहेत आणि पुढे केसांपर्यंत रेखीव. उजवीकडच्या बटा गुलमोहराच्या पानांत मिसळून गेल्या आहेत. पलीकडच्या काचेत आकाशाचा एक निळा, टोकदार तुकडा आहे. ग्रील इतकी जवळ असल्यामुळे तिचे आणि केसांचे अंतर वेगळे मोजणेही फोनला जड गेले.

दुसरा फोटो हॉलमध्ये. पाठीमागच्या क्रीम रंगाच्या भिंतीपासून मुलीला दोन मीटर पुढे उभे केले. पंखा बंद केला. हा भाग किरकोळ वाटतो, पण फोन एका फोटोसाठी एकामागून एक अनेक चौकटी टिपून त्या एकत्र करतो, आणि पंख्याखाली हलणारी बट प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असते. अशा बटेची कड कोणत्याच प्रोग्रॅमला सापडणार नाही. खिडकी मुलीच्या बाजूला, किंचित पुढे ठेवली. छतावरची ट्यूब मालवली. फोन 2x वर घेऊन दीड मीटरवर धरला. फार जवळ गेले तर आयफोन `Move farther away` असे सांगतो आणि फार लांब गेले तर `Place subject within 8 feet`. आठ फूट म्हणजे सुमारे 2.4 मीटर. दीड मीटर दोन्हींच्या मध्ये बसते.

मग चष्म्याकडे वळले. मान इतकीच वळवली, की पलीकडच्या काचेची बाहेरची कडा गालाच्या आतच राहील. पडद्यावर पाहत पाहत ‘अजून थोडी, थोडी, बस’ असे म्हणून हे जमते. खिडकीची चमक काचेत येत होती, म्हणून हनुवटी जराशी खाली घेतली. आरसा पाच अंशांनी कलला तर प्रतिबिंब दहा अंशांनी सरकते, त्यामुळे हालचाल अगदी थोडी लागते. हनुवटी खाली घेणे चेहऱ्याला शोभले नाही तर कानांवर काड्या दोन-तीन मिलिमीटर उचलाव्यात. काचा तेवढ्याच खाली कलतात आणि फोटोत ते कळत नाही. जास्त नंबरामुळे काचेच्या कोपऱ्यात भिंतीचा तुकडा याही फोटोत आला. पण तो क्रीम रंगाचा, सपाट होता. रेखीव राहिला काय, धूसर झाला काय, सारखाच. कुरळ्या केसांच्या कडेला फोनने पुन्हा चूक केलीच असणार. ती दिसली नाही, एवढेच.

काढून झाल्यावर

फोटो लगेच मोठा करून कडा पाहाव्यात, कारण तेव्हा दुसरा काढता येतो. नंतर उरतो तो धूसरपणा कमी करण्याचा उपाय, आणि तो बऱ्यापैकी चालतो. आयफोनवर 2018 च्या एक्सएस पासून `Edit` मध्ये `ƒ` या खुणेवर पट्टी मिळते, f/1.4 ते f/16 मध्ये ती सरकवता येते. आकडा वाढवला की धूसरपणा उतरतो. f/1.8 वर ठळक दिसणारी प्रभावळ f/5.6 च्या आसपास अनेकदा डोळ्यांत भरेनाशी होते, कारण रेखीव पट्टा आणि धूसर भाग यांच्यातला फरकच कमी होतो. गुगल फोटोजमध्ये पोर्ट्रेट फोटोसाठी `Blur` ही पट्टी हेच काम करते. अति धूसर पार्श्वभूमीची हौस हे बिघडलेल्या कडांचे एक मोठे कारण आहे, आणि ती बोटाच्या एका हालचालीने आवरता येते.

काही फोटो पोर्ट्रेट मोडमध्ये काढूच नयेत. बिनकाठाचा चष्मा, मोकळे केस आणि मागे दिवाळीच्या माळांचे दिवे, हा त्यांतला एक. तिथे साध्या मोडमध्ये 2x किंवा 3x वर जाऊन माणसाला माळेपासून शक्य तितके दूर उभे करावे. भिंगातून आपसूक येणारा धूसरपणा थोडाच असतो, पण तो केसाकेसाच्या मधून नीट जातो आणि काचेतूनही.

सुधारणा फोटो पाठवण्यापूर्वी, ज्या फोनने तो काढला त्याच फोनवर करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत अंतरांचा नकाशा जात नाही. पलीकडच्याला मिळते ते चिकटवून झालेले चित्र, आणि त्यातली कड मग धूसरपणाची पट्टी सरकवून सुधारता येत नाही.